शंभर टक्के बायबॅक, पण कशाचे? एका सराफी व्हिडिओच्या संहितेची दुरुस्ती

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीन पिढ्यांची सराफी पेढी आहे. लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी एक व्हिडिओ केला. हॉलमार्क म्हणजे काय, घडणावळ कशी लागते, दागिना परत दिला तर काय मिळतं, हे तिन्ही विषय पाच-सहा मिनिटांत. बोलणाऱ्या वहिनी पेढीवरच बसतात, गिऱ्हाइकांशी रोजचं बोलणं, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर अडखळण्याचा प्रश्न नव्हता. सांगितलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी व्हिडिओ पाहून दुकानात आलेली माणसं पूर्वीपेक्षा जास्त गोंधळलेली होती. एका शिक्षकांनी विचारलं, "तुमचं सोनं ९१.६ टक्के, मग परत शंभर टक्के कसं देणार?" एक बाई बिल घेऊनच आल्या आणि बिलाची पूर्ण रक्कम परत मागू लागल्या. शेठनी संहिता नव्याने लिहायला माझ्याकडे दिली.

जुनी संहिता वाचली तेव्हा गोंधळाचं मूळ पहिल्या पानावरच सापडलं. त्यात पाच वेगवेगळे टक्के होते. शुद्धता ९१.६ टक्के, घडणावळ १२ टक्के, जीएसटी ३ टक्के, एक्स्चेंजला १०० टक्के, रोख परताव्याला २ टक्के वजावट. प्रत्येक टक्का वेगळ्या गोष्टीचा. पहिला वजनातल्या सोन्याच्या अंशाचा, दुसरा सोन्याच्या किमतीवरचा, तिसरा सोनं आणि घडणावळ यांच्या बेरजेवरचा, चौथा आणि पाचवा परत देण्याच्या दिवशीच्या सोन्याच्या किमतीवरचा. बोलणाऱ्याला हे पाठ असतं म्हणून तो "कशाचे" हा शब्द गाळतो. ऐकणारा सगळे टक्के एकाच रकमेवर लावत जातो. भरीला "घट" हा शब्द दोनदा आला होता, एकदा घडवतानाची घट म्हणून आणि एकदा आटणीतली तूट म्हणून. पहिली गिऱ्हाइकाला लावली जाते, दुसरी त्याच्याकडून कापली जाते. ऐकणाऱ्याला वाटणारच की एकच घट दोनदा वसूल होते आहे.

म्हणून नव्या संहितेला एकच नियम लावला. टक्का उच्चारला की लगेच रुपये, आणि ते रुपये पडद्यावरच्या एकाच बिलातल्या एका ओळीत दिसले पाहिजेत. विषयवार तीन भाग पाडायचे नाहीत. एकच दागिना घ्यायचा, त्याचं बिल करायचं, आणि तोच दागिना परत आणायचा.

दागिना कोणता यावर बरीच चर्चा झाली. जुन्या व्हिडिओत गंठण होतं, कारण ते दिसायला छान. पण गंठणात काळे मणी असतात, म्हणजे एकूण वजन वेगळं आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगळं. ठुशी किंवा बोरमाळ घेतली तर मण्यांच्या पोटात लाख असते, तिथेही तेच. प्रेक्षकाला पहिल्याच मिनिटाला दोन वजनं सांगितली की तो सुटलाच. साधी साखळी घेतली, खडा नाही, मणी नाही, लाख नाही. वजन बरोबर १० ग्रॅम धरलं. भाव २२ कॅरेटचा ग्रॅमला १०,००० रुपये धरला आणि वहिनींच्या तोंडी घातलं की हा आजचा भाव नाही, हिशेबाला सोपा म्हणून घेतलेला आकडा आहे. आजचा भाव घातला असता तर व्हिडिओ आठवड्यात शिळा झाला असता, आणि कुणीतरी जुन्या भावाने सोनं मागायला आलं असतं.

शुद्धतेच्या भागाला फार वेळ दिला नाही, पण जो दिला तो दागिन्यावरच दिला. साखळीच्या अडकवायच्या आकड्याजवळच्या बारीक टिकलीवर लेझरने तीन खुणा उमटवलेल्या असतात. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, त्रिकोणी चिन्ह, 22K916 हा आकडा, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख कोड. जुन्या संहितेत हॉलमार्कच्या पाच खुणा सांगितल्या होत्या, ज्यात तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण होती. ती जुनी पद्धत. १ जुलै २०२१ पासून एचयूआयडी आला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडी नसलेला हॉलमार्क दागिना सराफ गिऱ्हाइकाला विकू शकत नाही. जुन्या खुणांचे दागिने घरात असतील तर ते बाद झालेले नाहीत, हे एक वाक्य मुद्दाम ठेवलं. नाहीतर आईच्या पाटल्या घेऊन लोक घाबरून येतात.

९१६ चं स्पष्टीकरण "९१.६ टक्के" असं न देता असं लिहिलं:

"या साखळीचे हजार भाग केले तर ९१६ भाग सोनं आहे. उरलेले ८४ भाग तांबं, चांदी असे धातू. निव्वळ सोनं मऊ असतं, त्याची साखळी टिकत नाही, म्हणून हे मिसळावं लागतं. आणि हे मिसळलेलं आहे हे धरूनच २२ कॅरेटचा भाव कमी असतो. २४ कॅरेटचा भाव १०,९०९ असेल तेव्हा २२ कॅरेटचा १०,००० असतो."

शेवटचं वाक्य पुढच्या भागासाठी पेरून ठेवलेलं आहे. दागिना मोडताना लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच, आणि तिथे याच आकड्याशी परत यायचं होतं.

एचयूआयडी तपासण्याचं दृश्य आधी नुसतं "अॅपवर पाहा" एवढंच होतं. आता वहिनी स्वतः भिंगातून कोड वाचतात, बीआयएस केअर अॅपमध्ये टाकतात आणि काय जुळवायचं ते दाखवतात. अॅपवर दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता येते, सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्राची माहिती येते. हातात साखळी आणि अॅपवर अंगठी असं दिसलं तर कोड खरा असूनही तो या दागिन्याचा नाही. कोड चालला म्हणजे झालं, असं समजून लोक तिथेच थांबतात. चित्रीकरणात खऱ्या विकाऊ दागिन्याचा कोड दाखवायचा नाही असं ठरवलं. पेढीच्या मालकीची, विक्रीला नसलेली साखळी घेतली आणि तरीही शेवटची दोन अक्षरं झाकली.

आता घडणावळ. साखळीचं सोनं झालं १,००,००० रुपयांचं. घडणावळ १२ टक्के, म्हणजे १२,००० रुपये. बेरीज १,१२,०००. त्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी, ३,३६० रुपये. हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर मिळून ५३. एकूण १,१५,४१३. हे बिल पडद्यावर एकेक ओळ करत उमटतं आणि व्हिडिओ संपेपर्यंत डाव्या बाजूला राहतं. ही सूचना शेठना पटली नव्हती. बिल सारखं समोर दिसलं की दागिना झाकतो, असं त्यांचं म्हणणं. पण माणसं तोंडी आकडे लक्षात ठेवत नाहीत, हे त्यांच्याच काउंटरवर रोज दिसत होतं.

घडणावळीबद्दल जुन्या संहितेत कारागिरीचं कौतुक बरंच होतं. ते काढून एकच गोष्ट दाखवली, की घडणावळ वेगवेगळ्या पोशाखात येते. कुणी १२ टक्के म्हणतो. कुणी ग्रॅमला १,२०० रुपये म्हणतो. कुणी ४ टक्के घट आणि ग्रॅमला ८०० रुपये मजुरी म्हणतो, तेव्हा ४,००० अधिक ८,०००. तिन्ही ठिकाणी रक्कम १२,०००. कुणी २४ टक्के लिहून त्यावर ५० टक्के सूट देतो, ते पुन्हा १२,०००. म्हणून विचारायचा प्रश्न असा लिहिला: "टक्के राहू द्या, सोन्याची किंमत सोडून या दागिन्याला मला वर किती रुपये पडतात?" हा प्रश्न दोन दुकानांत विचारला की तुलना होते. सोन्याचा भाव त्याच दिवशीचा आणि त्याच कॅरेटचा आहे ना, एवढं मात्र पाहायचं. "घडणावळ शून्य" अशी पाटी असेल तर ती रक्कम बहुतेक वेळा भावात किंवा घटीत बसलेली असते.

टक्क्यातली घडणावळ सोन्याच्या भावाबरोबर वाढते, कारागिराचे श्रम तेवढेच असले तरी. हे वाक्य संहितेत घालू नका असं शेठ म्हणाले, आणि मला त्यांचं म्हणणं समजत होतं. पण ग्रॅमला ठरावीक मजुरी सांगणारं दुकान शेजारी असेल तर गिऱ्हाईक हे स्वतःच शोधून काढतं. शेवटी वाक्य राहिलं, सोबत त्यांची बाजूही आली: यंत्रावरच्या साखळीला कमी, हातघडणीच्या नक्षीकामाला जास्त, कारण त्यात वेळही जातो आणि कानशीच्या भुकटीत सोनंही जातं.

खरी लढाई बायबॅकवर झाली. पेढीच्या अटी अशा. स्वतःच्या पेढीचा, हॉलमार्क असलेला दागिना बदलून नवा घ्यायचा असेल तर त्या दिवशीच्या २२ कॅरेट भावाने सोन्याची पूर्ण किंमत. रोख हवे असतील तर त्यातून २ टक्के वजा. दुसऱ्या पेढीचा दागिना असेल तर तपासून जी शुद्धता निघेल त्याप्रमाणे. अटी वाजवी आहेत. व्हिडिओत मात्र त्यांचं "शंभर टक्के बायबॅक" एवढंच झालं होतं.

मी सुचवलं की साखळी दुसऱ्याच दिवशी परत आणू. भाव तोच, वजन तेच. मग काय मिळतं? बदलून घेताना १,००,०००. रोख घेताना ९८,०००. आणि डाव्या बाजूला बिल दिसतंय १,१५,४१३ चं. शेठ एकदम म्हणाले, "अहो, हे दाखवल्यावर कोण घ्यायला येईल?" वहिनी म्हणाल्या, "बाबा, हेच तर रोज काउंटरवर भांडण होतं. आधीच सांगितलेलं बरं." प्रसंग राहिला. संहितेतला तो भाग असा:

"शंभर टक्के म्हणजे बिलाचे शंभर टक्के नाहीत. सोन्याचे शंभर टक्के. बिलात वरची ओळ आहे ना, एक लाखाची, ती परत येते. घडणावळ परत येत नाही, ती कारागिराला गेली. जीएसटी परत येत नाही, तो सरकारला गेला. म्हणून दागिना अंगावर घालायला घ्या. उद्या विकायला घेत असाल तर हिशेब करूनच घ्या. ही साखळी बदलून घेताना तुमचे पैसे भरून निघायला भाव ग्रॅमला ११,५४१ च्या वर जायला हवा. रोख घेताना ११,७७७ च्या आसपास."

शेवटचे दोन आकडे हवेत का, यावर मी स्वतः साशंक होतो, कारण दोन नवे आकडे म्हणजे दोन नव्या अडचणी. ठेवले, कारण गुंतवणूक म्हणून दागिना घेणाऱ्याच्या प्रश्नाला थेट उत्तर तिथेच मिळतं. ते तोंडी सांगताना पडद्यावर फक्त ११,५४१ दिसतो.

यानंतर शुद्धतेच्या भागात पेरलेलं वाक्य उगवतं. मोड घालताना काही ठिकाणी आधी २२ कॅरेटचा भाव लावतात आणि मग "९१६ आहे" म्हणून पुन्हा ९१.६ टक्केच धरतात. १० ग्रॅमचे १,००,००० व्हायचे तिथे ९१,६०० हातात पडतात. दोनदा कापलं गेलं. मिसळ आहे म्हणून भाव आधीच कमी लावलेला असताना तीच मिसळ वजनातून पुन्हा वजा केली. बरोबर रीत दोनपैकी एक. २४ कॅरेटचा भाव वजनाला लावा आणि ०.९१६ ने गुणा, किंवा २२ कॅरेटचा भाव लावा आणि वजनाने गुणून थांबा. दोन्हीकडे उत्तर एक लाखाच्या आसपासच येतं. संहितेत वहिनी कॅल्क्युलेटरवर दोन्ही करून दाखवतात आणि मग चुकीचा तिसरा करून त्यावर बोटाने फुली मारतात. गिऱ्हाइकाने विचारायचा प्रश्न: "भाव कोणत्या कॅरेटचा लावलात?" एवढं विचारलं की पुढचं बोलणं आपोआप सरळ होतं. या भागाला मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण हा हिशेब एकदा समजला की माणूस कुठल्याही पेढीवर वापरू शकतो.

वजनाचं काय? साखळी वर्षानुवर्षे अंगावर घासते, कड्या झिजतात. बिलावर १० ग्रॅम असली तरी परत देताना काट्यावर जे भरेल तेच धरतात. संहितेत ९.८५० ग्रॅम धरलं. भाव तोच ठेवला तर ९८,५००. आता याच साखळीच्या बदल्यात तशीच नवी १० ग्रॅमची घेतली तर? नवं बिल पुन्हा १,१५,४१३. त्यातून ९८,५०० वजा, वर द्यायचे १६,९१३. इथे हमखास प्रश्न येतो, की जीएसटी फक्त फरकाच्या रकमेवर का नाही. नवा दागिना पूर्ण विकला जातो, म्हणून कर त्याच्या पूर्ण किमतीवर लागतो आणि जुन्या सोन्याची रक्कम बिलाच्या तळाशी वजा होते. सर्वसाधारण गिऱ्हाईक जुनं सोनं सराफाला देतं त्या व्यवहारावर त्याला जीएसटी भरावा लागत नाही. हे दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढे गेलो. कर हा विषय उघडला की बंद होत नाही.

दुसऱ्या पेढीच्या किंवा जुन्या, हॉलमार्क नसलेल्या दागिन्याबद्दल शेठनी एक चांगली गोष्ट सुचवली. त्यांच्याकडे एक्सआरएफ यंत्र आहे, त्यावर दागिना ठेवला की शुद्धतेचा आकडा येतो. लोकांना तो आकडा ब्रह्मवाक्य वाटतो. पण हे यंत्र पृष्ठभाग वाचतं. साखळीला दोनदा टाका मारलेला असेल, तर टाक्याजवळ एक आकडा आणि मधल्या कडीवर दुसरा येतो. त्यांनी एक जुनी, दुरुस्त केलेली साखळी घेऊन दोन ठिकाणी यंत्र लावून दाखवलं, आणि पडद्यावर दोन वेगळे आकडे आले. पूर्ण खात्री हवी तर दागिना आटवून तपासावा लागतो, आणि आटवल्यावर दागिना राहत नाही. म्हणून संहितेत क्रम असा लावला: आधी गिऱ्हाइकासमोर वजन, मग यंत्राचा आकडा, मग रक्कम सांगायची, गिऱ्हाईक हो म्हणालं तरच आटणी. आटल्यावर नकार द्यायला जागा उरत नाही.

हॉलमार्क दागिन्यात शुद्धता कमी निघाली तर काय, हेही याच ठिकाणी आलं. बीआयएसच्या २०१८ च्या नियमांनुसार, विकलेल्या दागिन्याच्या वजनावर शुद्धतेतल्या कमतरतेची जी रक्कम होते तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च सराफाने द्यायचा असतो. त्यासाठी बिल लागतं, आणि बिलावर दागिन्याचं नाव, निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धता आणि हॉलमार्कचा खर्च वेगळा दिसायला हवा. "पक्कं बिल घ्या" असं नुसतं सांगितलं तर कान बधिर होतात. बिल नसेल तर ही भरपाई मागता येणार नाही, असं सांगितलं तेव्हा पाहणाऱ्यांनी मान हलवली.

चित्रीकरणाआधी संहिता दुकानाबाहेरच्या चार-पाच जणांना वाचून दाखवली. त्यात शेजारच्या दवाखान्यातली नर्स होती, नुकतंच लग्न ठरलेला एक मुलगा होता आणि ते शिक्षकही होते. वाचून झाल्यावर "समजलं का" असं विचारलं नाही. त्याला सगळे हो म्हणतात. कागद काढून घेतला आणि वेगळा हिशेब दिला: २० ग्रॅम, भाव तोच, घडणावळ १० टक्के, दुसऱ्या दिवशी रोख परत केलं तर हातात किती? उत्तर १,९६,००० यायला हवं. नर्सने बिल आधी पूर्ण केलं, २,२६,६०० वगैरे, आणि मग त्यातून २ टक्के काढायला लागली. म्हणजे एवढं सांगूनही बिलाची रक्कमच आधार म्हणून डोक्यात बसली होती. त्यावरून एक बदल झाला. परत देण्याच्या प्रसंगी पडद्यावरच्या बिलातल्या घडणावळ, जीएसटी आणि हॉलमार्क या ओळी फिक्या होतात, एकूण रक्कम पुसली जाते आणि फक्त सोन्याची ओळ उजळ राहते. त्यानंतर शिक्षकांनी हिशेब बरोबर केला, पण त्यांनी आधी एकदा ऐकलेलं होतं, त्यामुळे त्यावर मी फार विसंबलो नाही. लग्न ठरलेल्या मुलाने आकडेमोड टाळली आणि विचारलं, "मग खडे असलेला हार परत दिला तर खड्यांचं काय?"

त्याचं उत्तर या व्हिडिओत नाही. खड्यांचं वजन वजा होतं, त्यांची किंमत बहुतेक वेळा परत येत नाही किंवा वेगळ्या अटीने येते, आणि तो प्रत्येक पेढीचा स्वतंत्र मामला असतो. साखळीच्या हिशेबात ते कोंबलं असतं तर पुन्हा गंठणाचीच गत झाली असती. शेवटच्या वीस सेकंदांत वहिनी तेच गंठण हातात घेतात, काळे मणी आणि सोन्याच्या वाट्या वेगळ्या दाखवतात आणि सांगतात की बिलावर दोन वजनं असतात, भाव फक्त निव्वळ वजनाला लागतो. बाकीचं दुसऱ्या व्हिडिओसाठी ठेवलं.

काउंटरमागची "१००% बायबॅक" ही पाटी मात्र उतरवायला लागली. व्हिडिओत एक सांगायचं आणि मागे भिंतीवर दुसरं लिहिलेलं दिसायचं, असं चाललं नसतं. नवी पाटी लांबलचक आहे, शेठना ती अजून आवडत नाही: "आमच्या हॉलमार्क दागिन्याच्या सोन्याची, परत देण्याच्या दिवशीच्या वजनाने व २२ कॅरेट भावाने, बदलीत पूर्ण व रोखीत २ टक्के वजा करून किंमत मिळेल. घडणावळ व कर परत मिळत नाहीत." हाच मजकूर आता बिलाच्या मागे छापलेला आहे.